रात्रपाळीचे तास एक्सेलमध्ये

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीची रात्रपाळी धरू: A2 मध्ये येण्याची वेळ 22:00, B2 मध्ये जाण्याची 6:30. सरळ वजाबाकी केली तर उत्तर ऋण येतं आणि सेलमध्ये नुसते ##### दिसतात. कारण एक्सेलसाठी वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक, आणि तारीख नसेल तर साडेसहा हे दहाच्या आधीचेच. म्हणून C2 मध्ये:

```
=MOD(B2-A2,1)
```

C2 ला `h:mm` फॉरमॅट दिला की 8:30 मिळतात. अशा सहा रात्रींची `SUM` ने बेरीज केली की 51:00 ऐवजी 3:00 दिसेल, कारण पूर्ण झालेले दोन दिवस साध्या फॉरमॅटमध्ये दिसतच नाहीत. बेरजेच्या सेलवर Ctrl+1 दाबा, Custom मध्ये `[h]:mm` लिहा. चौकटी कंस महत्त्वाचा.

पगार काढताना मात्र बेरजेला आधी 24 ने गुणा, मग तासाच्या दराने. नाहीतर 51 तासांऐवजी 2.125 चेच पैसे निघतील. सलग 24 तास किंवा जास्त ड्युटी असेल तर MOD चुकतं. तिथे वेळेसोबत तारीखही भरा आणि साधी वजाबाकी करा.