पडद्याची रुंदी, चुण्यांचा हिशेब

ऑनलाइन पडदे घेताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते, मग किमतीवर. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले ‘46 इंच × 84 इंच, दोन नग, आयलेट’ हे मात्र वाचायचे राहून जाते. फसगत होते ती नेमकी तिथेच. यातले 46 इंच म्हणजे कापड सपाट पसरल्यावर भरणारी एका पडद्याची रुंदी. चुण्या पडल्या की तेच कापड बरीच कमी जागा झाकते.

समजा, दिवाणखान्याची खिडकी पाच फुटांची आहे आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून रॉड सहा फुटांचा, म्हणजे 72 इंचांचा बसवला आहे. दोन पडद्यांचे कापड भरते 92 इंच. पडदे ओढल्यावर खिडकी झाकली जाते खरी, पण चुण्या जवळपास नाहीशा होतात आणि पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो. आयलेटच्या पडद्याला रॉडच्या दीडपट ते दुप्पट कापड लागते. म्हणजे इथे निदान तीन पडदे हवेत. दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या असतील तर चार. प्लीटच्या पडद्यात चुण्या वरच शिवून पक्क्या केलेल्या असतात. त्यामुळे दिलेली रुंदी शिलाईच्या आधीची की नंतरची, हे विक्रेत्याला विचारलेच पाहिजे. उत्तर मिळाले नाही तर तो पडदा घेऊ नये.

लांबीचे गणित सोपे आहे, पण आयलेटच्या पडद्याची वरची कड रॉडच्या इंच-दीड इंच वर राहते. रॉडपासून जमिनीपर्यंत 83 इंच असतील, तर 84 इंचांचा पडदा फरशीपासून जेमतेम अर्धा इंच वर राहतो.

प्रकाशाबद्दलच्या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यावा. ‘लाइट फिल्टरिंग’ पडद्यातून मऊसर उजेड आत येतो. रात्री आत दिवा लावल्यावर बाहेरून सावल्या दिसू शकतात. ‘रूम डार्कनिंग’ने खोली मंद होते, पूर्ण काळोख होत नाही. ‘ब्लॅकआउट’ कापडातून प्रकाश जवळजवळ येत नाही, पण रॉडच्या वरून आणि बाजूंच्या फटींतून तो येतोच. म्हणून झोपण्याच्या खोलीत रॉड चौकटीपेक्षा रुंद आणि थोडा वर लावावा.

ब्लॅकआउटमध्ये दोन जाती आहेत. एकात काळा धागा कापडातच विणलेला असतो, तर दुसऱ्यात पाठीमागे लेप दिलेला असतो. पाठ हाताला रबरासारखी लागली तर तो लेपाचा पडदा. गरम पाणी, जोरात पिळणे आणि ड्रायरची उष्णता यांनी लेपाला तडे जातात, मग काळ्या पाठीवर प्रकाशाचे ठिपके दिसू लागतात. असा पडदा थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. इस्त्री लेपाच्या बाजूने कधीच करू नये.

सुती पडद्याची अडचण वेगळी. धुलाईआधी आटवलेले नसेल तर सुती कापड तीनेक टक्के सहज आटते. 84 इंचांवर ते अडीच इंच होतात. त्यामुळे वर्णनात ‘प्री-श्रंक’ लिहिलेले नसेल, तर सुती पडदा दोन-तीन इंच लांबच मागवावा आणि एकदा धुऊन मगच खालची दुमड शिवून घ्यावी.