दुसऱ्याच्या मापानें मोजलेलें मूल

परीक्षेचा निकाल लागला कीं पुष्कळ घरांत पहिला प्रश्न असतो, "तुला किती गुण पडले?" आणि लगेच दुसरा, "आणि त्याला किती?" पहिल्या प्रश्नाविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. दुसऱ्या प्रश्नानें मुलाच्या अभ्यासाचें काय होतें, तें आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या उदाहरणावरून सांगावें असा आमचा मानस आहे.

हा मुलगा आठव्या इयत्तेंत होता. सहामाही परीक्षेंत त्याला गणितांत 100 पैकीं 41 गुण पडले. त्याचा मावसभाऊ दुसऱ्या शाळेंत त्याच इयत्तेंत होता. त्याला 93 पडले. सुटींत दोन्ही कुटुंबें आजोळीं जमलीं, आणि जेवणाच्या पंगतींत हे दोन आंकडे सर्वांदेखत शेजारीं शेजारीं मांडले गेले. वडिलांचा हेतु वाईट नव्हता. मुलाला चुरस लागेल आणि तो नेटानें अभ्यासाला बसेल, अशी त्यांची कल्पना होती.

झालें तें उलट. सुटी संपल्यावर त्याची गणिताची वही कोरी येऊं लागली. एका चाचणीच्या आधीं पुस्तक हरवलें. दुसऱ्या चाचणीच्या आदल्या रात्रीं तो उशिरापर्यंत क्रिकेटचा सामना पाहत बसला. आम्हीं विचारलें तेव्हां तो जराही न ओशाळतां म्हणाला, "सर, मीं पुस्तक उघडलेंच नव्हतें. नाहीं तर आलीं असतीं मला तीं गणितें." वडील याला आळस म्हणत. आम्हीही प्रथम तसेंच समजलों. परंतु त्याचें तें वाक्य आमच्या मनांत घोळत राहिलें.

त्या वाक्यांतच सारें मर्म होतें. मुलाचा हिशेब असा असतो: आपण मनापासून अभ्यास केला आणि तरीही 60 च गुण पडले, तर आपली बुद्धीच कमी, हें सर्वांपुढें सिद्ध होईल. उलट अभ्यास न करतां 35 पडले, तर दोष अभ्यासाचा. बुद्धीचा निकाल अजून लागावयाचाच आहे. म्हणजे न उघडलेलें पुस्तक ही त्याची ढाल असते. तो गुण गमावतो, पण अब्रू राखतो.

अशी ढाल लहान मुलेंच वापरतात असें नाहीं. 1978 सालीं बर्ग्लास आणि जोन्स या दोघां अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत कांहीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वस्तुतः न सुटणारे प्रश्न दिले, आणि तरीही "तुम्हीं उत्तम केलें" असें सांगितलें. पुढच्या परीक्षेआधीं दोन औषधें त्यांच्यापुढें ठेवलीं: एक बुद्धीला चालना देणारें म्हणून, दुसरें तिला मंद करणारें म्हणून. ज्यांना आपलें यश कशानें आलें हेंच ठाऊक नव्हतें, त्या तरुणांचा कल मंद करणाऱ्या औषधाकडे अधिक दिसला. अपयश आलें तर तें औषधावर ढकलतां येणार होतें! आमच्या विद्यार्थ्याचा क्रिकेटचा सामना म्हणजे तेंच औषध होय.

येथें कोणी विचारील, हुशार मुलाचें उदाहरण पुढें ठेवूंच नये काय? ठेवावें, परंतु तें आटोक्यांतलें असावें. 1997 सालीं लॉकवुड आणि कुंडा या दोघी संशोधिकांनीं कॅनडांतील विद्यार्थ्यांना एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याची हकीकत वाचावयास दिली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिनें उमेद आली, कारण तेथवर पोंचण्यास त्यांच्याजवळ वेळ होता. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मात्र ती तशी आली नाहीं. आमच्या विद्यार्थ्यापुढें 93 हा आंकडा होता, पण 41 पासून तेथवर जाण्याची वाट कोणीच दाखविली नव्हती. वाट न दाखवितां दाखविलेलें शिखर हें मुलाला केवळ आपण किती खालीं आहों एवढेंच सांगतें.

म्हणून आम्हीं मावसभाऊ बाजूला ठेवला आणि सहामाहीची उत्तरपत्रिका घेऊन त्या मुलाजवळ बसलों. गेलेले 59 गुण आम्हीं दोघांनीं मिळून वांटले. 22 गुण बीजगणितांत कंस सोडवितांना ऋण चिन्ह चुकल्यामुळें गेले होते. 23 भूमितीचे होते, कारण प्रमेयें त्याला समजलींच नव्हतीं. उरलेले 14 वेळ न पुरल्यामुळें गेले. तो पत्रिकेकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे एकच चूक इतक्यांदा केली मीं?" त्या दिवसापर्यंत तो 41 ला आपल्या बुद्धीचें माप समजत होता, आतां तो ती चुकांची यादी समजूं लागला.

आम्हीं प्रथम ऋण चिन्हाचीच चूक हातीं घेतली. रोज कंसांचीं दहा उदाहरणें, आणि शेवटीं किती चुकलीं याची नोंद त्यानेंच करावयाची. पहिल्या आठवड्यांत दहांपैकीं सात चुकत. तिसऱ्या आठवड्यांत दोन. वडिलांना आम्हीं एकच विनंति केली: "त्याला किती?" याऐवजीं "मागच्या वेळची कोणती चूक आज कमी झाली?" असें विचारा. ते एकदोनदां चुकले, पण पुढें संवय झाली. वार्षिक परीक्षेंत मुलाला 58 गुण पडले. मावसभाऊ तेव्हांही फार पुढें होता. परंतु वही कोरी येणें थांबलें होतें, आणि आमच्या मतें 17 गुणांपेक्षां तीच मिळकत मोठी होती.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. अभ्यास टाळणारें प्रत्येक मूल याच कारणानें टाळतें असें नव्हे. फळ्यावरचें दिसत नसेल किंवा मागचा धडाच समजला नसेल, तर उपाय निराळा. पाहण्याची खूण ही कीं, तुलनेनें दुखावलेलें मूल परीक्षेच्या आधींच सबब सांगून ठेवतें, उत्तरपत्रिका लपवितें, आणि ज्याच्याशीं तुलना होते त्या भावंडाला भेटण्याचें टाळतें.

दुसरी गोष्ट त्या 93 वाल्या मुलाची. त्याचेंही यांत भलें होत नाहीं. म्यूलर आणि ड्वेक यांनीं 1998 सालीं दाखविलें कीं, "तूं किती हुशार" अशी स्तुति झालेलीं मुलें पुढें सोपे प्रश्न पसंत करतात, आणि एकदां अपयश आलें कीं लवकर हात टेंकतात. श्रमांची स्तुति झालेलीं मुलें तशीं करीत नाहींत. पंगतींत ज्याला उंच धरलें, त्यालाही पडण्याचें भय लागतें.

मुलें आपसांत तुलना करणारच. गुणांचा तक्ता भिंतीवर लागतो आणि त्यांना डोळे आहेत. ती तुलना घरांत पुन्हां उच्चारून दाखविण्याची गरज मात्र नसते. निकालाच्या दिवशीं पालकांनीं आधीं उत्तरपत्रिका मागावी, आणि शेजारच्या मुलाचे गुण विचारण्यापूर्वीं आपल्या मुलाची एक चूक त्याच्याबरोबर बसून समजून घ्यावी. पुष्कळदां मग दुसरा प्रश्न विचारण्याचें कारणच उरत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.