वहीत नफा दिसतोय पण गल्ल्यात पैसा नाही, मग तो कपाटात अडकलाय का?

दिवाळी तोंडावर आलीये. ठोक व्यापाऱ्याचे फोन सुरू झालेत, जुनं बिल भरा मगच नवा माल. आणि दुकानदार म्हणतोय, धंदा तर बरा चाललाय, मग पैसा गेला कुठं?

बऱ्याचदा पैसा समोरच्या कपाटातच असतो, फक्त साड्यांच्या रूपात. तो नेमका किती आहे, हे शोधायचं कसं ते बघू. त्यासाठी तालुक्याच्या गावातलं एक साड्यांचं दुकान धरून चालू. आकडे उदाहरणापुरते आहेत, जीएसटी बाजूला ठेवलाय.

पहिलं काम मोजणीचं. दुकान बंद असेल त्या दिवशी एकेक कपाट रिकामं करायचं आणि प्रत्येक नगाची खरेदी किंमत लिहायची. लेबलवरची विक्री किंमत नाही, कारण आपला पैसा खरेदी किमतीइतकाच अडकलेला असतो. जुन्या दुकानांत खरेदी किंमत लेबलवर अक्षरांच्या कोडमध्ये लिहिलेली असते, तिथं हे काम पटकन होतं. जांगडवर आलेला माल यात धरायचा नाही, त्याचे पैसे अजून आपण दिलेलेच नसतात.

समजा बेरीज आली 18 लाख. या आकड्यावरून अजून काहीच कळत नाही, कळतं ते मालाच्या वयावरून. खरेदीच्या बिलांवरून तीन गट पाडले. सहा महिन्यांच्या आतला माल साडेनऊ लाखांचा, सहा महिने ते वर्षभराचा 4 लाखांचा आणि वर्षाच्या वरचा साडेचार लाखांचा.

अडकलेला पैसा म्हणजे हे साडेचार लाख. दुकानाचं बँकेत कॅश क्रेडिट खातं असेल आणि व्याज 11 टक्के असेल, तर या जुन्या साड्यांपायी वर्षाला 49,500 रुपये व्याज जातंय. वर घडीवर रेशीम विरतं, जर काळी पडते, ते वेगळंच.

इथं एक गोष्ट सांभाळायची. लग्नाचा भारी शालू मुळातच हळू विकला जातो, त्याला लगेच पडून माल म्हणू नका. त्या प्रकारातला शेवटचा नग कधी गेला ते बघा. गेल्या लग्नसराईत एकही गेला नसेल तर मात्र तो या यादीत टाका.

आता विकायचं. आणि नेमकी इथंच सगळ्यात मोठी चूक होते, ती म्हणजे ‘संपूर्ण दुकानावर 20 टक्के सूट’. गिऱ्हाईक काय करतं? जी साडी पूर्ण भावात घेणारच होतं, तीच स्वस्तात घेऊन जातं. गल्ला भरतो, जुना माल जागेवरच. हे ओळखायचं कसं, तर सेल संपल्यावर जुन्या मालाची यादी परत तपासायची. 3 लाखांच्या विक्रीत यादीतला माल 40 हजारांचाच गेला असेल, तर सेल फसला. म्हणून सूट फक्त यादीतल्या मालावर, वेगळ्या टेबलवर आणि शक्यतो आषाढासारख्या थंड महिन्यात.

सूट द्यायच्या आधी ठोक व्यापाऱ्याला विचारून बघा, माल बदलून देतो का. आपल्या दुकानात 60 हजारांचा माल असा बदलून मिळाला. 2 लाख 40 हजारांचा माल खरेदीच्या 20 टक्के खाली विकला, त्याचे आले 1 लाख 92 हजार. अजून 1 लाखाचा माल लॉटने घेणाऱ्याला 40 हजारांत दिला. 50 हजारांचा उरला.

म्हणजे हातात रोख 2 लाख 32 हजार आणि तोटा 1 लाख 8 हजार. आकडा बघून पोटात गोळा येतो, हे खरंय. पण तोटा आज झालेला नाही, तो साडी पडून राहिली तेव्हाच झाला होता, लिहिला आज गेला. आता हेच 2 लाख 32 हजार चालत्या मालात घातले आणि हजाराची साडी पंधराशेला जात असेल, तर एका फेरीत 1 लाख 16 हजार सुटतात. तोटा तिथंच भरून निघतो.

अट एकच, माल खरंच चालता हवा. पैसा सुटला की व्यापारी ‘स्कीम आहे, शंभर नग घ्या’ म्हणतो आणि वर्षभरानं तेच कपाट पुन्हा भरलेलं असतं. ऑर्डर देताना जुन्या मालाची यादी समोर ठेवा. जे रंग आणि जो पोत तिथं पडून आहे, तो पुन्हा घ्यायचा नाही.

राहिला 50 हजारांचा माल. तो कुणाला फुकट वाटून टाकायचा विचार असेल तर आधी सीएला फोन करा. कमी भावात विकलं तर मिळालेल्या किमतीवर जीएसटी लागतो, विषय संपला. पण माल फुकट दिला किंवा खराब म्हणून खात्यातून काढून टाकला, तर त्याच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं.