आभाळातले बिनबोलावलेले घोडेस्वार

शिवजयंती जवळ आली की भुदरगड तालुक्यातली मंडळं फ्लेक्सच्या मागे लागतात. अलीकडे बॅनरवरचं चित्र डिझायनर काढतोच असं नाही. मंडळातलाच एखादा पोरगा ते संगणकाकडून बनवून घेतो आणि पेनड्राइव्हवर घालून गारगोटीच्या दुकानात आणून देतो. मोबाइलवर झकास दिसणारं चित्र सहा बाय चार फुटांवर ताणलं की फिसकटतं. मग ‘जरा क्लिअर करून द्या’ अशी फर्माईश होते, आणि गैरसमज सुरू होतात ते इथूनच.

उदाहरणादाखल असंच एक चित्र घेऊ. वर ढगाळ आभाळ, मध्ये किल्ल्याची तटबंदी, पायथ्याशी घोड्यांवरून निघालेले मावळे. हे चित्र स्टेबल डिफ्युजन एक्सएल या मॉडेलने बनवलं आहे आणि त्याचा आकार १२१६ बाय ८३२ ठिपके, म्हणजे पिक्सेल आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. त्यावर १२१६ ठिपके पसरले तर इंचाला जेमतेम १७ येतात, म्हणजे एकेक ठिपका दीड मिलिमीटरचा. चित्र चौपट मोठं केलं तर ते ४८६४ बाय ३३२८ होतं आणि इंचाला ६७ ठिपके मिळतात. रस्त्यावरून बघायच्या बॅनरला तेवढे पुरतात. प्रश्न एवढाच की हे वाढीव ठिपके येतात कुठून.

गैरसमज : मोठं करताना चित्रात दडलेला तपशील बाहेर येतो.

वस्तुस्थिती : दडलेलं काहीच नसतं. मूळ चित्रात दहा लाखांच्या आसपास ठिपके होते, मोठ्या चित्रात एक कोटी साठ लाखांहून जास्त आहेत. म्हणजे सोळा ठिपक्यांतले पंधरा नवे. साधं ताणणारं सॉफ्टवेअर ते शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून भरतं, म्हणून चित्र पुसट दिसतं. डिफ्युजन मॉडेल ते कल्पनेने भरतं.

त्याची पद्धत अशी. आधी चित्र साध्या रीतीने मोठं करायचं. मग त्यावर मोजून मापून नॉइज टाकायचा, म्हणजे जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तसा रवाळपणा मिसळायचा. त्यानंतर मॉडेल पायरीपायरीने तो नॉइज काढत जातं आणि काढताना ‘इथे काय असायला हवं’ याचा अंदाज बांधून तपशील भरतं. तटाच्या दगडांवरचे टवके, घोड्याच्या आयाळीचे केस, फेट्याच्या चुण्या हे सगळं या टप्प्यात जन्माला येतं.

बनवलेल्या चित्रापुरता यात खोटेपणा काही नाही. मुळात तो किल्ला भुदरगड नव्हताच, मॉडेलने रचलेला कुठलाही एक किल्ला होता. शिवाय इथे खरोखर एक फायदा होतो. हे मॉडेल चित्र आतल्या आत आठपट आकसून त्यावर काम करतं. मूळ चित्रात मावळ्याचा चेहरा २४ ठिपक्यांचा असेल तर मॉडेलच्या हातात त्याच्यासाठी आडव्या फक्त तीन चौकटी येतात. तीन चौकटींत नाक-डोळे बसत नाहीत, म्हणून लांबच्या माणसांचे चेहरे चेपल्यासारखे दिसतात. चौपट केल्यावर त्याच चेहऱ्याला बारा चौकटी मिळतात आणि चेहरा चेहऱ्यासारखा होतो.

गैरसमज : चित्राचे तुकडे करतात ते ग्राफिक कार्डाची मेमरी वाचवण्यासाठी.

वस्तुस्थिती : मेमरी वाचते हे खरं, पण ते अर्धंच कारण आहे. हे मॉडेल साधारण १०२४ बाय १०२४ ठिपक्यांच्या आकारावर शिकलेलं आहे. त्याला एकदम ४८६४ ठिपक्यांचा कॅनव्हास दिला तर दांडगं कार्ड असूनही ते गोंधळतं. एकाच धडाला दोन डोकी येतात, एका बुरुजावर दुसरा बुरुज चढतो. म्हणून मोठ्या चित्राचे १०२४ ठिपक्यांचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा मॉडेलला त्याच्या सवयीच्या मापात देतात. या तुकड्यांना टाइल म्हणतात.

फरशांसारख्या त्या कडेला कड लावून बसवल्या तर सांधे दिसतात. दोन टाइलमध्ये मॉडेलने वेगवेगळा विचार केलेला असतो, त्यामुळे ढगाचा रंग मध्येच बदलतो किंवा दगडाची रेघ तुटते. म्हणून टाइल एकमेकींवर चढवतात. आपल्या चित्रात १२८ ठिपक्यांचा चढाव ठेवला तर आडव्या सहा आणि उभ्या चार, अशा २४ टाइल होतात.

सांधा मुजवायच्या दोन रीती आहेत. पहिलीत एकेक टाइल पूर्ण करून चिकटवतात आणि कडा विरळ करून मिसळतात. अल्टिमेट एसडी अपस्केल हे प्रचलित साधन असंच काम करतं. दुसरी रीत २०२३ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांच्या ‘मल्टिडिफ्युजन’ या कामातून पुढे आली. तिथे नॉइज काढायच्या प्रत्येक पायरीला सगळ्या टाइल एक पाऊल पुढे जातात आणि चढावाच्या भागात त्यांच्या उत्तरांची सरासरी घेतली जाते. शेजारणी प्रत्येक पावलाला एकमेकींशी जुळवून घेतात, म्हणून सांधा सहसा उरत नाही. उरलाच तर तो दगडात लपतो आणि आभाळात उघडा पडतो, तेव्हा तपासताना आधी आभाळ बघावं.

गैरसमज : डीनॉइझिंग स्ट्रेंग्थ वाढवली की चित्र जास्त शार्प होतं.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. ही शून्य ते एकमधली पट्टी धार लावायची नाही. मूळ चित्र किती पुसायचं आणि त्या जागी मॉडेलला किती मोकळीक द्यायची, हे ती ठरवते. शून्यावर चित्र जवळपास जसंच्या तसं परत येतं. एकवर मूळ चित्राचा मागमूस फारसा राहत नाही.

पट्टी सरळ चालीची असती तर सोपं झालं असतं. स्टेबल डिफ्युजनचा नॉइज वाढवायचा जो ठरीव क्रम आहे, त्यावर हिशेब केला तर ०.३ वर सुरुवातीच्या मिश्रणात मूळ चित्राचा वाटा सुमारे ५९ टक्के उरतो. ०.५ वर तो २८ टक्क्यांवर येतो आणि ०.७ वर आठच टक्के राहतो. प्रत्यक्ष परिणाम साधनागणिक थोडा बदलतो, पण घसरण अशीच असते. ‘निम्म्यावर ठेवलंय, निम्मं चित्र शाबूत आहे’ असं समजणाऱ्याचं तीन चतुर्थांशाच्या आसपास चित्र आधीच नॉइजखाली गेलेलं असतं.

पायऱ्यांचाही घोळ होतो. बऱ्याच साधनांत ३० पायऱ्या आणि ०.३ स्ट्रेंग्थ दिली तर प्रत्यक्षात शेवटच्या नऊच पायऱ्या चालतात. कम्फीयूआयमध्ये मात्र पूर्ण ३० चालतात, फक्त त्या कमी नॉइजच्या टप्प्यात बारीक वाटून घेतल्या जातात. एकाचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे उतरवले की वेळेचा आणि निकालाचा मेळ बसत नाही.

आता आपल्या चित्राकडे वळू. ०.२ वर चित्र स्वच्छ होतं, पण दगड प्लॅस्टिकचे वाटतात. ०.३ ते ०.३५ च्या दरम्यान दगडाला दगडपण येतं, दाढीचे केस सुटे होतात आणि मावळे तेच राहतात. ०.५ ला चेहरे बदलायला लागतात. कुणाची मिशी जाते, भाल्याचं टोक वळतं, झेंड्यावर अक्षरासारखं काहीतरी उमटतं पण ते कुठल्याच लिपीत बसत नाही. ०.६५ च्या पुढे गंमत होते : वरच्या ढगांत बोटभर आकाराचे घोडेस्वार दिसू लागतात. मॉडेल आणि चित्र बदललं की हे आकडे थोडे मागेपुढे होतात. क्रम साधारण हाच राहतो.

गैरसमज : आभाळात घोडेस्वार आले म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं.

वस्तुस्थिती : सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. मूळ चित्रासाठी लिहिलेला मजकूर, म्हणजे प्रॉम्प्ट, होता ‘घोड्यांवरचे मावळे, किल्ला, ढग’. मोठं करताना तोच प्रॉम्प्ट चोवीसही टाइलना जातो. आभाळाच्या टाइलला बाकीचं चित्र दिसत नाही. तिच्यासमोर राखाडी ढग आणि नॉइज असतो, आणि हुकूम असतो घोडेस्वार काढायचा. मोकळीक भरपूर असली की ती ढगाच्या एखाद्या काळसर डागात घोडा शोधते.

उपाय तीन आहेत. पहिला, मोठं करताना प्रॉम्प्टमधून माणसं आणि घोडे काढून टाकायचे आणि ‘बारीक पोत, स्वच्छ फोटो’ एवढंच ठेवायचं. दुसरा, स्ट्रेंग्थ उतरवायची. तिसरा, कंट्रोलनेटचं टाइल मॉडेल जोडायचं. ल्वमिन झांग यांनी २०२३ मध्ये ते स्टेबल डिफ्युजन १.५ साठी दिलं. ते प्रत्येक टाइलला मूळ चित्रातल्या त्याच जागेची खूण धरायला लावतं, आणि प्रॉम्प्ट त्या जागेशी जुळत नसेल तर जागेचं ऐकतं. त्यामुळे स्ट्रेंग्थ थोडी वर नेऊनही आभाळ आभाळच राहतं. मात्र ज्या मॉडेलवर चित्र मोठं करायचं, त्याच्याच जोडीचं कंट्रोलनेट लागतं.

मोकळीक सगळीकडे सारखी असायला हवी असंही नाही. दगड-झाडांना ०.४ देऊन चेहऱ्यांवर ०.२५ ची आवृत्ती मास्क लावून बसवली तर दोन्ही साधतं.

झालेलं काम तपासायची रीत साधी आहे. मोठं चित्र पुन्हा १२१६ ठिपक्यांवर आणायचं, मूळ चित्रावर ठेवायचं आणि लेयरचा मोड ‘डिफरन्स’ करायचा. तपशील फक्त बारीक झाला असेल तर काळ्या पडद्यावर कडांच्या अंधूक रेघा दिसतात. ठळक डाग उमटला तर तिथे काहीतरी नवं घुसलं आहे.

गैरसमज : हीच पद्धत जुन्या फोटोंनाही चालते.

वस्तुस्थिती : कल्पनेतल्या मावळ्याची मिशी बदलली तर कुणाचं नुकसान होत नाही, खऱ्या माणसाची बदलली तर होतं. २०२० साली अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातल्या ‘पल्स’ या साधनाला बराक ओबामा यांचा धूसर केलेला फोटो दिला, तेव्हा त्यातून गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला. ते डिफ्युजन मॉडेल नव्हतं, पण हरवलेला तपशील अंदाजाने भरण्याचं तत्त्व तेच होतं.

१३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवरच्या हल्ल्यात सात क्रांतिकारक हुतात्मे झाले. त्या पिढीतल्या कुणाचा तळहाताएवढा फिकट फोटो घरात असेल, तर बॅनरसाठी तो डिफ्युजनने मोठा करू नये. स्ट्रेंग्थ ०.२ ठेवली तरी डोळ्यांच्या कडा आणि ओठांची ठेवण मॉडेलच्या अंदाजाची होते, आणि हा चेहरा आता जुळत नाही हे सांगायला त्यांना पाहिलेलं माणूस हयात असेलच असं नाही. असा फोटो चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करावा, साध्या रीतीने जेवढा मोठा होईल तेवढाच करावा आणि बॅनरवर भोवती मोकळी जागा सोडून लहानच छापावा.