दोन आघाड्या, एकच वचन : मधला मतदार कोण आणि आपण कुठे?

२८ जून २०२४ रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील महिलांना दरमहा दीड हजार रुपये मिळणार होते. विरोधकांनी निवडणुकीसाठीचे आमिष म्हणून तिच्यावर टीका केली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काय झाले? महायुतीने कोल्हापूरच्या सभेत ही रक्कम २१०० करण्याचे वचन दिले. लगेच महाविकास आघाडीने मुंबईत ‘महालक्ष्मी’ योजनेखाली दरमहा ३००० रुपये जाहीर केले. शेतकऱ्यांची कर्जमाफी तर दोन्हीकडे होती. चिपळूण मतदारसंघात लढणारे दोन्ही मुख्य उमेदवारसुद्धा राष्ट्रवादीच्याच दोन गटांचे होते.

‘सगळे एकाच माळेचे मणी’ असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. पण पक्ष एकमेकांसारखे का होतात, याचे एक साधे गणित आहे. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये त्याची मूळ कल्पना मांडली. डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्ये ती मतदानाला लावली आणि अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये पक्षांच्या स्पर्धेला. तिला ‘मध्य मतदारा’चा सिद्धांत म्हणतात. चळवळीतल्या तरुणांनी तो समजून घ्यावा असे आम्हाला वाटते, कारण आपली मागणी जाहीरनाम्यात का येत नाही, हेही त्यातून कळते.

हे गणित गावातच मांडून पाहू. समजा, पोफळीसारख्या कोकणातल्या एखाद्या गावात पंचायतीकडे दहा लाख रुपये आहेत. त्यातले किती पाण्याच्या योजनेवर खर्चायचे, एवढाच प्रश्न आहे. मतदार अकरा आहेत आणि प्रत्येकाच्या मनात एक आकडा आहे. ते आकडे लाखांत, लहानापासून मोठ्यापर्यंत असे : ०, १, १, २, २, ३, ४, ५, ८, ९, १०. शेवटचे तिघे बौद्धवाडीतले आहेत. वाडी नळाच्या शेवटच्या टोकाला असल्यामुळे त्यांची मागणी सर्वात मोठी.

एक उमेदवार म्हणतो एक लाख, दुसरा म्हणतो सहा. ज्याचा आकडा आपल्याला जवळचा, त्याला प्रत्येक जण मत देतो. शून्यापासून तीनपर्यंतचे सहा जण पहिल्याकडे जातात आणि तो सहा विरुद्ध पाच असा जिंकतो. पुढच्या निवडणुकीत दुसरा शहाणा होऊन चारवर येतो. आता तीनवाला त्याच्याकडे वळतो आणि निकाल उलटतो. मग पहिलाही सरकतो. असे करत दोघेही तीन लाखांवर येऊन थांबतात. तीन हा अकरा जणांतल्या बरोबर मधल्या, म्हणजे सहाव्या मतदाराचा आकडा आहे. तिथून जो हलेल तो हरेल. दोन्ही पत्रके सारखी होतात ती कोणी संगनमत केले म्हणून नव्हे, तर दोघांनाही तोच सहावा माणूस हवा असतो म्हणून.

आता बौद्धवाडीचे तिघे आठ, नऊ, दहाऐवजी सहा-सहा लाखच मागू लागले, तर सहावा मतदार कोण राहील? तोच, तीनवाला. म्हणजे त्यांनी मागणी कमी केली तरी निकाल तोच आणि घसा फोडून ओरडले तरी तोच. मधला मतदार काढताना गरजेची तीव्रता मोजली जात नाही. तुम्ही मध्याच्या कोणत्या बाजूला आहात, एवढेच मोजले जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती सुमारे १२ टक्के आणि बौद्ध सुमारे ६ टक्के आहेत. अनेक प्रश्नांवर आपण या रांगेच्या टोकाला उभे असतो. मधल्या मतदाराला दिलेल्या वचनाचे बिल कुठून भरले जाते तेही पाहा. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळवले गेले. हा पैसा त्याच समाजांतील लाभार्थी महिलांसाठी आहे, असे सरकारचे म्हणणे होते. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी मात्र जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्या भगिनींना दीड हजार मिळतात, ते हवेतच. पण वसतिगृह आणि शिष्यवृत्ती मागणारा विद्यार्थी त्या रांगेच्या मध्यावर नव्हता.

बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ का मागितले, हेही या गणितातून स्पष्ट दिसते. आपल्या उदाहरणातल्या तिघांनीच आपला प्रतिनिधी निवडला, तर त्यांचा मधला आकडा नऊ आहे. राखीव जागेवर उमेदवार बौद्धवाडीचाच, पण मत सगळ्या अकरा जणांचे, अशी व्यवस्था केली तर तीन म्हणणारा निवडून येतो. माणूस आपला, आकडा त्यांचा. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण अंतिम मतदान संयुक्त झाले. आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून सर्वांनी एक, अशी प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. तीही दहा वर्षांपुरतीच. म्हणूनच १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा केली.

मग मध्य हलतो कशाने? पुन्हा त्या अकरा जणांकडे जाऊ.

पहिले कारण गैरहजेरी. वाडीतले तिघे चाकरमानी आहेत. नाव गावच्या यादीत, नोकरी मुंबईत, आणि मतदानाला ते आले नाहीत. उरलेल्या आठांत मध्य दोन लाखांवर येतो. गावाने कोणताही अन्याय ठरवून केला नाही, तरी पाण्याचा एक लाख गेला.

दुसरे कारण शेजारची वाडी. दोन लाख म्हणणाऱ्या दोघांना पटवून पाचवर आणले, तर नवी रांग अशी : ०, १, १, ३, ४, ५, ५, ५, ८, ९, १०. सहावा आकडा पाच झाला. टोकाच्या तिघांनी मागणी कितीही बदलली तरी जे झाले नाही, ते मध्याच्या पलीकडचे दोघे अलीकडे आल्यामुळे झाले. म्हणून ‘बौद्धवाडीला पाणी द्या’ आणि ‘नळाच्या टोकाच्या सगळ्या वाड्यांना पाणी द्या’ या एकाच गरजेच्या दोन मागण्या असल्या, तरी त्यांची मते वेगळी पडतात.

या गणिताला मर्यादा आहेत. लढत दोघांत असेल आणि प्रश्न एकाच रेषेवर मांडता येत असेल, तरच ते नीट चालते. तिसरा दमदार उमेदवार आला की मध्यावर उभे राहणे सुरक्षित राहत नाही, कारण दोन्ही बाजूंनी मते कापली जातात. प्रश्न रकमेचा नसून हक्काचा असेल, तर पक्ष वेगळेही दिसतात. २०२४ मध्येच जातनिहाय जनगणना आणि ५० टक्क्यांची आरक्षण मर्यादा हटवणे ही वचने महाविकास आघाडीच्या हमीत होती, महायुतीच्या दहा कलमांत नव्हती.

त्यामुळे पुढचे जाहीरनामे हाती आले की दोन याद्या करा. दोन्ही पक्षांत सारखी असलेली वचने एका बाजूला लिहा. ती मधल्या मतदाराची आहेत, ती कोणीही आला तरी बहुधा टिकतील आणि त्यासाठी आपले मत गहाण टाकण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूला फक्त एकातच असलेली आणि दोघांनीही टाळलेली वचने लिहा. आपले मत आणि आपले काम या दुसऱ्या यादीवर लागले पाहिजे.

जय भीम.