नऊ मीटरखालचा कातळ कुणाचा?

डिझाइन अँड बिल्ड पद्धतीत आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे असतं. त्यामुळे जोखीमही सगळी त्याच्याकडेच गेली, असं मालकाला वाटतं. मग जोखीम नोंदवहीत ओळ पडते : ‘जमीन खराब लागणे. जबाबदार : कंत्राटदार. उपाय : काळजी घेणे.’ अशा ओळीने काहीच होत नाही.

समजा, जुन्या वस्तीत रुग्णालयाची इमारत उभी करायची आहे. वर भराव, त्याखाली मुरूम, मग कातळ. टेंडरपूर्वीचे दोन बोअरहोल प्लॉटच्या दोन टोकांना घेतलेले, दोन्हीकडे कातळ नऊ मीटरवर. मधल्या भागाचा पत्ता नाही. कामाची नोंद अशी हवी : मध्ये बोअर नाही (कारण), म्हणून कातळ खोल लागू शकतो (घटना), त्यामुळे पाइलची लांबी आणि वेळ वाढेल (परिणाम).

आता दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. लक्ष कोण ठेवणार आणि पैसे कोण भरणार? लक्ष ठेवायला एकच माणूस हवा, नावानिशी : इथे कंत्राटदाराचा भूतांत्रिक डिझाइन प्रमुख. पायाचा आराखडा गोठवण्याआधी मध्यभागी तीन बोअर घेणं, हे त्याचं तारखेसह काम. पायलिंग सुरू झाल्यावर लागोपाठ दोन पाइलमध्ये कातळ नऊ मीटरखाली लागला, की त्याने त्याच दिवशी मालकाच्या अभियंत्याला कळवायचं.

पैशांचं उत्तर करारात लागतं. नऊ मीटर ही आधाररेषा धरली, तर तिथवरचा खर्च कंत्राटदाराच्या किमतीत, त्याखालचा प्रत्येक मीटर ठरलेल्या दराने मालकाचा. साठपैकी चाळीस पाइलमध्ये कातळ बारा मीटरवर निघाला, तर एकशेवीस मीटर जादा. दर आधीच ठरलेला असल्याने भांडायला जागा उरत नाही. भूमिगत कामांसाठी फिडिकने २०१९ मध्ये आणलेलं ‘एमराल्ड बुक’ अशाच आधाररेषेवर उभं आहे. उलट त्यांच्या ‘सिल्व्हर बुक’मध्ये अनपेक्षित जमिनीचा भार कंत्राटदारावर असतो. मला पहिली वाट रास्त वाटते. न दिसणारा कातळ कंत्राटदाराच्या माथी मारला, की तो घाबरून बोली फुगवतो, आणि कातळ वरच निघाला तरी ते पैसे मालकाला परत मिळत नाहीत.

सगळी जोखीम मात्र अशी वाटून घेता येत नाही. शेजारच्या जुन्या भिंतीला तडे जाऊ नयेत हे खोदाई करणाऱ्याच्याच हातात असतं, म्हणून ती पूर्णपणे त्याची. भिंतीवर खुणा लावून रोज मोजमाप, आणि ठरलेल्या मर्यादेला खोदाई बंद. महापालिकेची परवानगी अडली तर अर्ज मालकाच्या नावावर, म्हणून पाठपुरावाही त्याच्याच अधिकाऱ्याचा.

मध्यभागाचे तीन बोअर झाल्यावर ती पहिली ओळ पुन्हा लिहावी लागते. कातळ तिन्हीकडे नऊ मीटरच्या आसपास असेल, तर शक्यता कमी करून मालकाने बाजूला ठेवलेली रक्कमही कमी करायची. तीन महिन्यांत एकाही ओळीत बदल झाला नसेल, तर नोंदवही कुणी उघडलेलीच नाही असं खुशाल समजावं.