लोखंड तेवढंच, ताकद सातपट

दुकानात पोटमाळा काढायचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत चार मीटर अंतर. फॅब्रिकेटर 200 मिलिमीटर उंचीचा आय बीम आणतो. मीटरला साधारण 25 किलो वजन. तेवढ्याच वजनाची भरीव चौकोनी सळई घेतली, तर तिची बाजू जेमतेम 57 मिलिमीटर भरते. पोलाद तेच, वजन तेच; तरी आय बीम तिच्या सातपट भार पेलतो, आणि सारख्या भाराखाली सळई त्याच्या सुमारे पंचवीसपट वाकते.

याचं कारण पोलाद कुठे ठेवलंय यात आहे. तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला जवळजवळ रिकामा बसतो. म्हणून आय बीममध्ये बहुतेक पोलाद वर-खालच्या पट्ट्यांत, म्हणजे फ्लँजमध्ये असतं. मधली उभी पट्टी, वेब, त्या दोघांना अंतरावर धरून ठेवते आणि कातरबल सोसते. हाच बीम आडवा पाडला की सातपटीचा सगळा फायदा संपतो. तो त्या चौकोनी सळईच्या पातळीवर येतो. उभा ठेवला तरी वरची पट्टी मोकळी सोडायची नाही. दाबाखालची ती पट्टी बाजूला सरकू पाहते, म्हणून माळ्याच्या फरशीने किंवा आडव्या जोडांनी तिला धरावं लागतं.

खर्च वाचवायला कुणी 200 चा चॅनल सुचवतो. वजन थोडं कमी, आणि आकड्यांत त्याची ताकद आय बीमच्या चार-पंचमांश दिसते. मेख वेगळीच आहे. चॅनलच्या दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला असतात. तो न पिळता वाकावा, तर भार त्याच्या पाठीमागे, पोलादाबाहेर दोन-तीन सेंटीमीटरवर पडायला हवा. आपण तो पट्टीवर टाकतो, त्यामुळे चॅनल वाकता वाकता पिळतो. मोकळ्या चॅनलवर मधोमध लेव्हल आडवी ठेवली की हे लगेच कळतं: पट्टीची मोकळी कड खाली झुकलेली असते. पण सपाट पाठ भिंतीला किंवा जिन्याच्या पायऱ्यांना बोल्टने बसवायला चॅनलसारखं सोयीचं दुसरं काही नाही. दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केले, तर पेटीसारखा चांगला खांबही होतो.

अँगल तुळई म्हणून वापरूच नये; त्याची जागा कैचीत आणि तिरक्या आधारात. 50×50×6 चा दोन मीटरचा अँगल ओढताना कित्येक टन सहज घेतो. दाबताना ती क्षमता चौथाईच्या आसपास येते, आणि तो फुगतो तोही दोन्ही बाजूंपैकी एकीकडे नव्हे, तर कर्णाच्या दिशेने. तिरके दोन अँगल जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे बोल्ट घातला की मोकळी लांबी निम्मी होते आणि दाबातली ताकद दुपटीहून वाढते.